पोर्ट्रेट मोडचा फोटो कापायला देताय? आधी ब्लर काढा

लग्नसराई लागली की आमच्या काउंटरवर एकच बोलणं रोज होतं. "एवढा भारी फोटो दिला होता, मागचं सगळं ब्लर होतं. तरी केसांच्या कडेला ही धुरकट पट्टी कशी काय आली ओ?" पट्टी आमच्या कात्रीची नसते. ती फोनमधूनच आलेली असते. दरवेळी उभ्या उभ्या सांगण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवलेलं बरं, म्हणून हे पत्रक.

मागचं ब्लर असलं की केस उठून दिसतात आणि पार्श्वभूमीपासून वेगळे कापायला सोपे जातात, असं बहुतेकांना वाटतं. मोठ्या कॅमेऱ्याच्या फोटोत ते खरंही आहे. तिथे ब्लर भिंगातून येतो. चेहऱ्याच्या अंतरावरची बट स्वच्छ राहते आणि मागची झाडं आपोआप विरघळतात. फोनमध्ये तसं होत नाही. फोन आधी सगळा फोटो जवळपास स्वच्छच काढतो. मग कुठला भाग जवळचा आणि कुठला लांबचा, याचा अंदाज घेऊन एक नकाशा बनवतो आणि त्या नकाशात लांबचं ठरलेलं सगळं नंतर पुसट करतो.

हा अंदाज केसांपाशी चुकतो. डोकं-खांद्याच्या फोटोत साधारण ६० सेंटीमीटर रुंदी ३००० पिक्सेलमध्ये बसते, म्हणजे एक पिक्सेल ०.२ मिलिमीटरचा. केस त्याहूनही बारीक. फोनचा नकाशा तर फोटोपेक्षा बराच ढोबळ असतो, त्याच्या एका ठिपक्यात कित्येक केस मावतात. मग फोन डोक्याभोवती एक गोलसर रेघ मारून मोकळा होतो. रेघेबाहेर उडणाऱ्या बटा मागच्या झाडांबरोबर पुसल्या जातात, आणि रेघेच्या आत, केसांच्या फटींतून दिसणारी झाडं स्वच्छ राहतात.

आता कापताना आमच्यासमोर दोन कडा असतात, एक केसांची आणि एक फोनने मारलेली. फोटोशॉपला दुसरी जास्त ठळक दिसते, कारण तिथे स्वच्छ आणि पुसट यांचा थेट सांधा असतो. म्हणून निवड तिच्यावर जाऊन बसते आणि आतली स्वच्छ झाडंही केस समजून बरोबर येतात. ही पट्टी ३० पिक्सेल रुंद असली तरी अल्बमच्या छपाईत ती अडीच मिलिमीटर भरते, आणि फिकट पार्श्वभूमीवर लगेच डोळ्यांत खुपते.

तुमचा फोटो असा आहे का, हे घरीच कळतं. फोटो मोठा करा आणि कान व मोकळे केस यांच्यामधली फट पाहा, किंवा कमरेवर हात असेल तर कोपरातला त्रिकोण. बाहेरचं पुसट आणि त्या फटीतलं स्वच्छ दिसलं तर ब्लर नंतर लावलेला आहे. झुमका अर्धा स्वच्छ आणि अर्धा विरघळलेला दिसला तरी तेच.

आमची एवढीच विनंती

ब्लर काढून फोटो द्या. आयफोनमध्ये फोटो उघडून Edit दाबा, Portrait बंद करा आणि Done. आम्हाला पाठवून झाला की पुन्हा चालू करा, तुमचा ब्लर कुठे जात नाही. सॅमसंगच्या गॅलरीत पोर्ट्रेट फोटोखाली Change background effect दिसतं, त्यातला ब्लर शून्यावर आणा. काही फोन बिनब्लरचा फोटो शेजारीच वेगळा ठेवतात. काहींत मात्र ब्लर फोटोतच मुरलेला असतो, तो निघत नाही.

दुसरं, व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवू नका, Document म्हणून पाठवा. नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो लहान होऊन येतो आणि आधीच पिक्सेलपेक्षा बारीक असलेला केस पार मोडतो. वर, फोनने ठेवलेली अंतराची माहितीही निघून जाते, त्यामुळे नंतर आम्हाला ब्लर उलटा फिरवता येत नाही. सगळ्यात सोपं म्हणजे फोनच घेऊन या, केबलने दोन मिनिटांत उतरवून घेतो.

आणि घरी एखाद्या ॲपवर पार्श्वभूमी उडवून ती कापलेली फाईल आणू नका. त्यात केस आधीच गेलेले असतात.

एका साखरपुड्याच्या बोर्डाची गोष्ट

मागच्या मोसमात एका ताईंचा फोटो आला. सिद्धेश्वर तलावाच्या काठी दुपारी काढलेला, मागे चमकतं पाणी आणि आभाळ, डावीकडे वाऱ्याने उडालेले केस, उजवीकडे गजरा. बोर्ड फिकट अबोली रंगाचा हवा होता. पहिला फोटो व्हॉट्सॲपचा, ब्लरसकट. दीड तास झटून केस निघाले ते टोप घातल्यासारखे. त्यांच्या भावाला फोन करून मूळ फोटो मागवला आणि काम वीस मिनिटांत झालं.

कसं, ते सांगतो, कारण आमचे निम्मे ग्राहक स्वतःच फ्लेक्स डिझाईन करतात. चेहरा, खांदे आणि केसांचा भरीव भाग साध्या निवडीने घेतला. Select and Mask मध्ये Radius शून्यावरच ठेवला आणि Refine Edge Brush फक्त बाहेरच्या बटांवरून फिरवला, भरीव केसांवर नाही. तरी बारीक केस तुटत होते. मग फोटोची एक प्रत वर ठेवली, तिचा रंग काढला, Levels ने मागचं पाणी पार पांढरं होईपर्यंत उजळलं आणि लेअर Multiply केला. पांढरं नाहीसं होतं, काळे केस तेवढे अबोली रंगावर उतरतात. मास्क लावून हा लेअर फक्त बटांपुरता ठेवला.

गंमत अशी की ही युक्ती गजऱ्यावर चालवली तर गजराही पाण्याबरोबर नाहीसा होतो, तो पांढराच ना! म्हणून गजरा पेन टूलने हाताने कापला. आणि बोर्ड गडद मरून रंगाचा असता तर Multiply उपयोगाचाच नव्हता, काळे केस मरूनमध्ये बुडाले असते.

मूळ फोटो मिळतच नसेल तर? कधी कधी फोटोतलं माणूसच हयात नसतं, तेव्हा आम्ही आग्रह धरत नाही. त्या वेळी फोनच्या रेघेवर ब्रश फिरवायचा नाही. निवड पट्टीच्या आत सरकवायची, पट्टी सोडून द्यायची आणि बाहेरच्या बटा त्याच केसांचा रंग घेऊन दोन-तीन पिक्सेलच्या, टोकाला निमुळत्या ब्रशने नव्याने काढायच्या. शेवटी त्यांना थोडा मऊपणा आणि फोटोइतकाच खरखरीतपणा द्यायचा, नाहीतर त्या पेनने काढल्यासारख्या दिसतात. हे केस खरे नसतात, अंदाजाने काढलेले असतात. ते आम्ही आधीच सांगतो.

दराबद्दल

मूळ फोटोतून केस कापण्याचे १५० रुपये, ब्लर मुरलेल्या फोटोचे ३५०. "शेजारी पन्नासात करतात" असं ऐकतो. करतात, आणि चौकात लावायच्या दहा फुटी फ्लेक्सला ते चालूनही जातं. रस्त्यावरून बट कोणी मोजत नाही, कड आत घेऊन गुळगुळीत कापली की पुरे. तसल्या कामाला आम्हीही ३५० लावत नाही. पण अल्बम, फ्रेम आणि स्थळाला पाठवायचा फोटो लोक हातात धरून बघतात.

फोटो आणल्यावर काउंटरवरच मोठा करून दाखवतो आणि दोन्हीपैकी कुठला दर लागेल ते तिथेच सांगतो. बघण्याचे पैसे नाहीत. संध्याकाळी सहानंतर गर्दी असते, सकाळी आलात तर थांबावं लागणार नाही.