फोटोखाली काय लिहाल? आमच्या अल्बम-ग्राहकांसाठी

अल्बमसाठी येणाऱ्या फोटोंखाली आम्हाला बहुतेक वेळा "अप्रतिम!", "शब्दच अपुरे!" असं लिहिलेलं मिळतं. फोटो सुंदर आहे, हे पाहणाऱ्याला दिसतंच. जे फोटोत दिसत नाही, ते ओळीत यायला हवं.

अलीकडचंच उदाहरण घ्या. डोंगरातलं तळं, पाण्यात शिखराचं लख्ख प्रतिबिंब आणि खाली ओळ: "स्वर्ग म्हणजे हाच! रम्य संध्याकाळ." आम्ही ताईंना फोन करून विचारलं, कुठल्या काठावर उभ्या होतात? "पूर्वेच्या. शिखर समोर, पश्चिमेला." आता शिखराचा आपल्याकडचा उतार उजळलेला आहे, म्हणजे सूर्य पाठीमागे, पूर्वेला असणार. तर ही सकाळ! फाइलमध्ये वेळ मात्र रात्री 11 ची होती, कारण परदेशात गेल्यावर कॅमेऱ्याचं घड्याळ बदललं नव्हतं. फोन स्थानिक वेळ सहसा आपोआप घेतो. वेगळ्या कॅमेऱ्यात ती बहुधा हातानेच लावावी लागते. ताईंना मग सगळं आठवलं, आणि ओळ अशी झाली:

"सकाळी साडेसहा, तळ्याचा पूर्व काठ. वारा पडलेला होता म्हणून प्रतिबिंब इतकं स्वच्छ आलं. आठच्या सुमारास वारा सुटला आणि ते मोडलं. गाडी लावली तिथून 40 मिनिटं चढ, शेवटी निसरडे दगड."

"स्वर्ग" गेला, त्याचं आम्हाला वाईट वाटत नाही. आता तिथे जाऊ पाहणाऱ्याला किती वाजता निघायचं, कुठे उभं राहायचं आणि पायात काय घालायचं, हे कळतं. शिवाय दहा वर्षांनी ताईंनाच ती सकाळ पुन्हा आठवेल. कौतुकाचा एखादा शब्द ठेवायचा तर जरूर ठेवा, पण कशाचं कौतुक ते सांगा: "पाणी इतकं स्थिर की काठ कुठे संपतो ते कळेना."

ओळ लिहिताना स्वतःला एवढंच विचारा: मी कुठे उभा होतो, किती वाजले होते, आणि चौकटीबाहेर काय होतं? शिखराची उंची, देवळाचं शतक असलं काही नक्की ठाऊक नसेल तर लिहू नका. अंदाजाने घातलेला आकडा छापला की खराच वाटतो. एक अपवाद: पक्ष्याचं घरटं किंवा दुर्मिळ फुलं असतील, तर नेमकी जागा देऊ नका. लोक तिथवर पोचतात आणि घरटं उठतं. तिथे ऋतू आणि वेळ पुरे.

ओळ साधारण 35 शब्दांत बसवा. त्याहून लांब असेल तर अक्षर बारीक करावं लागतं. फोटो मूळ फाइलच्या रूपातच द्या. मेसेजिंग ॲपवरून साधा फोटो म्हणून पाठवला, की त्यातली वेळ आणि जागेची नोंद बहुधा निघून जाते आणि आम्हाला पडताळून पाहता येत नाही.