p < 0.001 : तक्त्यातल्या ‘पेक्षा कमी’ची पार्श्वभूमी

नागपुरात महाराजबागेजवळच्या कृषी महाविद्यालयात किंवा कापूस संशोधन संस्थेत एखादा प्रबंध चाळला, तर निकालांच्या तक्त्यात शेवटच्या रकान्यात चार प्रकारच्या नोंदी दिसतात. जुन्या प्रबंधांत आकड्यावर एक किंवा दोन तारे असतात आणि खाली ‘५ टक्के पातळीवर सार्थ’ अशी टीप असते. नंतरच्या काहींत 0.000 असं छापलेलं असतं. अलीकडच्या काहींत 0.00000512 सारखी दशांशांची माळ असते, तर काहींत नेमकं p < 0.001. p म्हणजे खरा फरक नसताना असा निकाल केवळ योगायोगानं मिळण्याची शक्यता. या नोंदींमागे छापखाना, संगणक आणि संख्याशास्त्र यांचा शंभर वर्षांहून मोठा प्रवास आहे.

कार्ल पिअर्सन यांनी १९०० साली, मिळालेल्या आणि अपेक्षित संख्यांतला फरक मोजणारी काय-स्क्वेअर कसोटी मांडली. तिच्यातून संभाव्यता काढायला हातानं लांबलचक गणित करावं लागे, म्हणून १९०२ साली एल्डर्टन यांनी ‘बायोमेट्रिका’ या नियतकालिकात कोष्टक छापलं. तुमचा काय-स्क्वेअर इतका आला, तर P इतका, असं ते वाचायचं. म्हणजे सुरुवात मुळात नेमक्या आकड्यापासूनच झाली होती.

हे उलटं केलं रोनाल्ड फिशर यांनी. १९२५च्या ‘स्टॅटिस्टिकल मेथड्स फॉर रिसर्च वर्कर्स’मध्ये त्यांनी ०.९९ पासून ०.०१ पर्यंतच्या निवडक P साठी काय-स्क्वेअरची किंमत दिली. P चा नेमका आकडा आपल्याला नको असतो, आलेली किंमत संशयास्पद आहे की नाही एवढंच आधी पाहायचं असतं, अशी त्यांची भूमिका होती. कोष्टक आटोपशीर झालं, पण त्यातून आकडा काढता येईना. तुमची किंमत दोन रकान्यांच्या मध्ये किंवा शेवटच्या रकान्याच्या पलीकडे पडायची, आणि लिहिता यायचं ते एवढंच : P अमुकपेक्षा कमी. ‘पेक्षा कमी’ लिहिण्याची सवय इथून पक्की झाली. १९३८मध्ये फिशर आणि येट्स यांच्या कोष्टकसंग्रहात ०.००१चा रकानाही होता.

भारतीय शेतीसंशोधनात ही पद्धत लवकर रुजली. महालनोबिस यांनी १९३२ साली, शेतीच्या प्रयोगांना लागणाऱ्या विचरण-विश्लेषणासाठी सोपी कोष्टकं प्रसिद्ध केली. जानेवारी १९३८मध्ये फिशर स्वतः कलकत्त्याच्या संख्याशास्त्र परिषदेचे अध्यक्ष होते. कॅल्क्युलेटेड व्हॅल्यू काढायची, टेबल व्हॅल्यूशी ताडून पाहायची आणि तारा द्यायचा, ही शिस्त विदर्भातल्या कृषी विद्यार्थ्यांनी पिढ्यान् पिढ्या अशीच शिकली.

मग संगणक आला आणि कोष्टकाची गरज संपली. नेमका P पुन्हा मिळू लागला, त्यासोबत नवे घोटाळेही आले. एसपीएसएस हे सॉफ्टवेअर बरीच वर्षं ‘Sig.’ रकान्यात तीनच दशांश दाखवी, म्हणून ०.०००५ पेक्षा लहान काहीही .000 दिसे. लोक ते तसंच p = 0.000 म्हणून उतरवत. असा निकाल केवळ योगायोगानं मिळण्याची शक्यता कितीही लहान असली, तरी ती शून्य नसते. म्हणून हे सरळ चूक आहे. ‘आर’ या सॉफ्टवेअरमध्ये p-value < 2.2e-16 असं येतं. तो आकडा दशांश साठवण्याच्या संगणकी अचूकतेतून आलेला आहे, आपल्या प्रयोगातून नाही. प्रबंधात तो जसाच्या तसा गेला, की वाचणाऱ्याला वाटतं, हा शोध आहे.

पण सॉफ्टवेअर पूर्ण आकडा देतंय, तर तो का लिहू नये? एक कल्पित प्रयोग घेऊ. कापसाच्या प्रक्रिया केलेल्या २०० बियांपैकी १६८ उगवल्या, प्रक्रिया न केलेल्या २०० पैकी १२८. म्हणजे उगवण ८४ टक्के आणि ६४ टक्के. काय-स्क्वेअर २०.७९ येतो, १ स्वातंत्र्यांशावर p ०.०००००५१. आता पहिल्या गटातली एकच बी कमी उगवली असं धरा, म्हणजे १६७. काय-स्क्वेअर १९.६४ होतो आणि p ०.०००००९३, जवळजवळ दुप्पट. बी तीच १६८ ठेवून नुसती काय-स्क्वेअर थोडा कमी करणारी येट्सची दुरुस्ती लावली, तर p ०.०००००८८. ‘आर’ची chisq.test ही दुरुस्ती दोन-बाय-दोन तक्त्याला आपणहून लावते, तर एक्सेलची CHISQ.TEST लावत नाही. त्यामुळे एकाच तक्त्यावर दोन विद्यार्थ्यांचे आकडे जुळत नाहीत आणि दोघंही बरोबर असतात.

तिन्ही वेळा निष्कर्ष तोच आहे. हलतोय तो फक्त लांबच्या शेपटीतला आकडा, आणि तो खऱ्याचा आव आणतो. त्यातही हे गणित प्रत्येक बी स्वतंत्र आहे असं धरतं. प्रत्यक्षात बिया ट्रेमध्ये पन्नास-पन्नास ठेवल्या जातात, आणि एका ट्रेमध्ये ओलावा जास्त झाला तर त्यातल्या सगळ्यांवर परिणाम होतो. अशा गृहीतकांतल्या त्रुटींचा परिणाम सर्वांत जास्त याच टोकाला दिसतो. म्हणून ०.०००००५ आणि ०.०००००९ यांत फरक करणं मला अप्रामाणिक वाटतं, मग हेतू कितीही चांगला असो.

आजचा पाळला जाणारा संकेत याच दोन टोकांच्या मधला आहे. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या लेखनशैलीत आणि अनेक वैद्यकीय नियतकालिकांत साधारण असंच सांगितलं आहे : वाचण्याजोग्या पट्ट्यात p नेमका द्या, दोन किंवा तीन दशांशांत, आणि ०.००१ च्या खाली गेला, की फक्त p < 0.001. जुन्या ताऱ्यांची मोठी उणीव यात दूर होते. ०.०४९ आणि ०.००२ यांना ‘०.०५ पेक्षा कमी’ या एकाच पेटीत टाकणं चुकीचं होतं. दोन्हींतला फरक दिसायलाच हवा. ‘आर’मध्ये हे एका ओळीत होतं :

```r
format.pval(5.1e-06, digits = 2, eps = 0.001)
```

उत्तर "<0.001" येतं. एक्सेलमध्ये A2 मध्ये p असेल, तर :

```
=IF(A2<0.001,"<0.001",TEXT(A2,"0.000"))
```

मूळ आकडा मात्र फाइलमधून पुसू नये. हा फक्त छापण्याचा संकेत आहे; p < 0.001 असं लिहिलेल्या सेलवर पुढचं गणित करता येत नाही. आणि एका जागी हा संकेत अपुरा पडतो. समजा, कापसाच्या शंभर जनुकीय खुणा एकदमच तपासल्या आणि बॉनफेरोनी पद्धतीनं ०.०५ ला शंभरानं भागलं, तर उंबरठा ०.०००५ झाला. तिथं p < 0.001 वाचून खूण टिकली की नाही, हे कळणारच नाही. मानवी जनुकसंचाच्या मोठ्या अभ्यासांत उंबरठा ५ × १०⁻⁸ असतो, म्हणून तिथं नेमका, घातांकातला आकडाच द्यावा लागतो.

आपल्या बियांच्या तक्त्यात मात्र शेवटच्या रकान्यात वाचलेली जागा दुसऱ्या आकड्यांना द्यावी : काय-स्क्वेअर २०.७९, स्वातंत्र्यांश १, येट्सची दुरुस्ती लावली की नाही, आणि उगवणीतला फरक २० टक्के-बिंदू, ९५ टक्के विश्वासमर्यादा सुमारे ११.६ ते २८.४. प्रक्रिया परवडेल का, हे शेतकरी आणि बियाणे विभाग या शेवटच्या ओळीवरून ठरवतात.