ईमेल फॉरवर्डिंग (जुना पत्ता ते नवा पत्ता)

जुन्या ईमेल पत्त्यावर आलेला मेल माणसाचा हात न लागता नव्या पत्त्यावर पाठवून देण्याची सोय. नोकरी बदलली, इंटरनेट कंपनी बदलली किंवा ऑफिसचं डोमेन सोडून जीमेलवर गेलो की लोक ही सोय लावतात. ती लावायची कशी हे बहुतेकांना माहीत असतं, म्हणून इथे ते देत नाही.

उगम. यावर एकमत नाही. एक मत असं की फॉरवर्डिंग आलं ते बर्कलीच्या युनिक्समधून, एरिक ऑलमन यांच्या डिलिव्हरमेल (साधारण १९७९) आणि पुढच्या सेंडमेल या प्रोग्रॅमांमधून. त्यात युजरने आपल्या फोल्डरमध्ये `.forward` नावाची फाइल ठेवून नवा पत्ता लिहिला की काम झालं. दुसरं मत आरएफसी ८२१ कडे बोट दाखवतं, आरएफसी म्हणजे इंटरनेटचे नियम लिहिलेले क्रमांकित दस्तऐवज. जॉन पोस्टेल यांच्या १९८२ च्या या दस्तऐवजात सर्व्हरने द्यायची दोन उत्तरं आहेत, २५१ म्हणजे माणूस इथे नाही पण मी पुढे पाठवतो, आणि ५५१ म्हणजे माणूस इथे नाही, तुम्हीच अमुक पत्त्यावर पाठवा. रोजच्या वापरातलं फॉरवर्डिंग `.forward` च्या वळणाचं आहे, त्यामुळे पहिलं मत जास्त पटतं, पण २५१ आणि ५५१ मधला फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे. ५५१ मध्ये पाठवणाऱ्याला पत्ता बदलल्याचं कळतं, २५१ मध्येही निदान सांगायची सोय होती, आणि आजच्या फॉरवर्डिंगमध्ये त्याला सहसा काहीच कळत नाही.

याला जोडून अजून एक वाद आहे. आरएफसी ८२१ मध्ये मेल पुढे देणारा सर्व्हर परतीच्या वाटेवर आपलंही नाव लिहायचा, म्हणजे मेल अडला तर तो आल्या वाटेने परत जायचा. १९८९ च्या आरएफसी ११२३ ने ही पद्धत मागे टाकली आणि साध्या फॉरवर्डिंगमध्ये लिफाफ्यावरचा पाठवणारा, म्हणजे सर्व्हर वाचतात तो परतीचा पत्ता, बदलायचा नाही हे पक्कं झालं. पुढे मेल आणणारा सर्व्हर अधिकृत आहे का हे तपासणारं एसपीएफ आलं तेव्हा काही जण म्हणाले एसपीएफने फॉरवर्डिंग मोडलं, काही म्हणाले फॉरवर्डिंग १९८९ लाच अर्धवट झालं होतं, एसपीएफने फक्त ते उघडं पाडलं. दोन्हीत तथ्य आहे.

अडचण कुठे येते. मेलला दोन पाठवणारे असतात, एक लिफाफ्यावरचा (सर्व्हर तो वाचतात) आणि एक आतल्या पत्रावरचा, जो आपल्याला दिसतो. एसपीएफ लिफाफ्यावरचं डोमेन बघतं आणि विचारतं, हा मेल आणणारा सर्व्हर त्या डोमेनच्या यादीत आहे का? समजा मेल बँकेचा आहे, तर फॉरवर्ड झालेला तो मेल आणतो तुमचा जुना होस्टिंगवाला, तो बँकेच्या यादीत कशाला असेल, त्यामुळे एसपीएफ नापास. डीकिम म्हणजे पाठवणाऱ्याने मेलच्या मजकुरावर आणि निवडक हेडरांवर केलेली डिजिटल सही, ती वाटेतला सर्व्हर बदलला तरी टिकते, मात्र सही केलेला भाग जसाच्या तसा राहिला पाहिजे. डीमार्क (आरएफसी ७४८९, २०१५) म्हणतं या दोघांतला एक तरी पास व्हावा आणि त्याचं डोमेन पत्रावर दिसणाऱ्या डोमेनशी जुळावं, नाहीतर काय करायचं ते डोमेनचा मालक ठरवेल. `p=none` असेल तर नुसती नोंद, `p=reject` असेल तर मेल नाकारा. म्हणजे फॉरवर्ड केलेल्या मेलचा सगळा भार एकट्या डीकिमवर येतो.

उदाहरण. ठाण्यात घोडबंदर रोडवरची एक हाउसिंग सोसायटी, स्वतःचं डोमेन, स्वस्तातलं होस्टिंग, आणि कमिटी बदलल्यावर नव्या सेक्रेटरींनी ऑफिसचा पत्ता जीमेलवर फॉरवर्ड केलेला. मेंटेनन्सच्या तक्रारी येतायत, बँकेचे साधे अलर्टही येतायत, त्यामुळे सगळं नीट चाललंय असाच समज. तीन महिन्यांनी ऑडिटसाठी बँक स्टेटमेंट मागितलं तर एकही आलेलं नाही, आणि बँक म्हणते आम्ही दर महिन्याला पाठवलंय. दोघंही खरं बोलत होते. होस्टिंगवाल्याचा अँटिव्हायरस फक्त अटॅचमेंट असलेल्या मेलखाली 'हा मेल तपासला आहे' अशी ओळ चिकटवायचा, त्या एका ओळीने डीकिमची सही मोडायची, एसपीएफ आधीच नापास, बँकेचं धोरण `p=reject`, मग जीमेल दारातूनच मेल परत करायचं:

```
550-5.7.26 Unauthenticated email from bank.example is not accepted due to domain's DMARC policy
```

हा नकार मिळाला होस्टिंगच्या सर्व्हरला, त्याने परतीचा मेल पाठवला लिफाफ्यावरच्या पाठवणाऱ्याला, म्हणजे बँकेच्या कोणी न वाचणाऱ्या पत्त्यावर. सेक्रेटरींच्या स्पॅममध्येही काही नाही. साधे अलर्ट मात्र येत राहिले, कारण त्यांना कोणी हात लावला नव्हता.

शेवटी पत्ता लागला तो एका मेंबरच्या मेलवरून. त्याने जीमेलवरून पाठवलेली पीडीएफ स्पॅममध्ये सापडली (जीमेलचं धोरण `p=none` असल्यामुळे ती निदान आत तरी आली), आणि `Show original` उघडल्यावर हे दिसलं:

```
dkim=neutral (body hash did not verify)
spf=softfail
dmarc=fail (p=NONE)
```

पहिली ओळ सांगते की वाटेत मजकूर बदलला. मग होस्टिंगच्या कंट्रोल पॅनेलमधल्या डिलिव्हरी लॉगमध्ये बँकेच्या नावासमोर ५५० दिसलं. ती ओळ चिकटवणं बंद केलं आणि पुढच्या महिन्याचं स्टेटमेंट आलं, आधीची बँकेकडून परत मागवावी लागली.

इथे एक फसवी गोष्ट. लोक फॉरवर्डिंग टेस्ट करताना स्वतःच्याच जीमेलवरून जुन्या पत्त्यावर 'टेस्ट' असा मेल टाकतात. तोच मेल परत त्याच खात्यात आला तर जीमेल त्याला सेंटमधल्या मेलचीच प्रत समजतं आणि इनबॉक्समध्ये दाखवत नाही, मग माणूस चालू असलेली सोय उगाच बदलत बसतो. दुसऱ्या खात्यावरून टाकला तर तो येतो, पण त्यातूनही `p=reject` वाल्या बँकेच्या पीडीएफचं काय होईल ते कळत नाही. टेस्ट करायची तर अटॅचमेंट लावून करा आणि आल्यावर `dkim=pass` आहे का ते बघा.

उपाय आणि मर्यादा. एसआरएस नावाची पद्धत लिफाफ्यावरचा पाठवणारा बदलून फॉरवर्ड करणाऱ्याचं डोमेन घालते:

```
SRS0=k3Qx=7B=bank.example=alerts@society.example
```

याने एसपीएफ पास होतं आणि परतीचा मेलही फॉरवर्ड करणाऱ्याकडून जातो. होस्टिंगवाले बऱ्याचदा हाच उपाय सांगतात, पण वरच्या केसमध्ये त्याचा उपयोग झाला नसता, कारण पास झालेलं डोमेन सोसायटीचं आणि पत्रावरचं बँकेचं, डीमार्कला ते जुळत नाही. एआरसी (आरएफसी ८६१७, २०१९) मध्ये मधला सर्व्हर 'माझ्याकडे आला तेव्हा मेल पास होता' असं सही करून सांगतो, मात्र त्यावर विश्वास ठेवायचा की नाही हे घेणाऱ्याच्या हातात, आणि छोट्या होस्टिंगवाल्यावर तो ठेवला जाईलच असं नाही. त्यापेक्षा मेल ढकलायचाच नाही, फोनवर आयमॅपने जुनं आणि नवं दोन्ही खाती लावायची, हे जास्त भरवशाचं. जुन्या जागी मेलबॉक्स असला, नुसता फॉरवर्डर नसला, तर तिथे प्रत ठेवण्याचा पर्याय चालू ठेवावा.

इतर. जुना पत्ता जीमेलचा असेल तर स्पॅममध्ये पडलेला मेल फॉरवर्ड होत नाही, त्यामुळे चुकून स्पॅम ठरलेला मेल जुन्या खात्यातच राहतो. मायक्रोसॉफ्टच्या ऑफिस खात्यांवर बाहेरचं ऑटो फॉरवर्डिंग सहसा बंदच असतं, नियम लावता येतो पण मेल जात नाही. परतीच्या मेलमधून नवा पत्ता पाठवणाऱ्याला दिसूही शकतो.



डोमेनचं नूतनीकरण राहिलं तर फॉरवर्डिंग थांबतंच, शिवाय मुदत पूर्ण संपल्यावर तेच डोमेन दुसरा कोणीही विकत घेऊ शकतो, आणि ज्या खात्यांवर अजून जुना पत्ता नोंदलेला आहे त्यांच्या पासवर्ड बदलण्याच्या लिंक मग त्याच्याकडे जातात.