उत्पादक-ग्राहक पेट्री नेट: ‘एका वेळी एकच’ हा नियम कुठून आला

पेट्री नेट म्हणजे यंत्रणेची आकृती: तिच्यात जागा असतात, जागांमध्ये टोकन असतात आणि ट्रान्झिशन म्हणजे घटना. ट्रान्झिशन फायर झाले, म्हणजे घटना घडली, की ते काही जागांतून टोकन घेते आणि काही जागांत ठेवते. दर पायरीला एकच ट्रान्झिशन फायर करायचे, हा ‘एका वेळी एकच’ नियम. १९६२ साली एका जर्मन गणितज्ञाच्या प्रबंधातून पेट्री नेट पुढे आली. सगळ्या यंत्रणेला एकच घड्याळ हवे, हे त्या प्रबंधाला मान्यच नव्हते. सुरुवातीच्या मांडणीत एका जागेत फार तर एक टोकन असे. टोकन मोजण्याची आजची रीत नंतर रुळली.

उत्पादक-ग्राहकाची नेहमीची आकृती सहा जागांची असते. उत्पादक ‘मोकळा’ किंवा ‘माल हाती’, ग्राहक ‘मोकळा’ किंवा ‘माल हाती’ आणि मधल्या फळीसाठी ‘साठा’ व ‘रिकामे’. ट्रान्झिशन चार: बनवा, ठेवा, उचला, वापरा. फळी दोन नगांची धरली, तर सुरुवातीला दोघेही मोकळे, ‘रिकामे’मध्ये दोन टोकन, ‘साठा’ शून्य.

‘ठेवा’ फायर व्हायला उत्पादकाच्या ‘माल हाती’त एक आणि ‘रिकामे’त एक टोकन लागते. ते फायर झाले की ‘साठा’ एकने वाढतो आणि उत्पादक मोकळा होतो. ‘उचला’ नेमके उलट करते: साठ्यातला एक नग घेते आणि ‘रिकामे’ला एक टोकन परत देते. हा शेवटचा बाण काढायचा राहिला, तर दोन नग पोचेपर्यंत सगळे सुरळीत दिसते. तिसरा नग बनतो आणि उत्पादक अडकतो, साठा मात्र रिकामाच. ‘साठा + रिकामे = २’ हे प्रत्येक पायरीवर तपासले, तर चूक पहिल्या उचलीलाच सापडते. ‘रिकामे’ ही जागाच वगळली, तर साठ्याला कमाल मर्यादा उरत नाही.

खरा वाद पायरीचा. समजा उत्पादकाच्या हाती माल आहे, साठा १, रिकामे १ आणि ग्राहक मोकळा. ‘ठेवा’ आणि ‘उचला’ दोन्ही फायर होऊ शकतात आणि त्यांना एकमेकांचे टोकन लागत नाही. एकेक करून चालवले, तर साठा मधल्या पायरीत २ होतो किंवा ०, शेवटी दोन्ही वाटांनी १. एकत्र फायर केले, तर तो १ वरून हलतच नाही. मूळ विचार या दुसऱ्या बाजूचा होता: स्वतंत्र घटनांना क्रम लावू नये.

तरी एकेक पायरी रुजली, कारण गणित सोपे होते. १९६९ मध्ये सदिश-बेरजेच्या प्रणाली मांडल्या गेल्या, त्यात दर पायरीला एकच सदिश मिळवायचा. पोचण्याजोग्या अवस्थांचा आलेख त्याच रीतीने काढला जातो. आपल्या नेटच्या अवस्था बाराच आहेत (२ × ३ × २), कागदावर सहज मावतात. एखादी नेट दिलेल्या अवस्थेला पोचते का, हा प्रश्न सर्वसाधारण नेटसाठी सुटायला मात्र १९८१ उजाडले.

आलेखात वरच्या दोन वाटा मिळून चौकोन होतो. तो हरवलेली समांतरता दाखवतो, असे एकेक पायरीवाले म्हणतात. पण हे अर्धेच खरे. ‘ठेवा’ आणि ‘उचला’ दोन्हींना लागणारे एकच टोकन असलेली ‘कुलूप’ जागा जोडा. दोघांनी काम झाल्यावर ते टोकन परत ठेवले, तर तोच चौकोन तसाच उमटतो, आणि आता मात्र दोघे एकत्र फायर होऊच शकत नाहीत.