‘आमच्या घराण्यात असं कुणालाच नाही’: उत्तेजकांनी येणाऱ्या संशयाच्या वेडाची पार्श्वभूमी

एमडी, म्हणजे मेफेड्रोन, सलग दोन-तीन दिवस घेतलेला मुलगा खिडकीचे पडदे ओढून बसतो. खाली उभी असलेली गाडी आपल्यासाठीच आली आहे, असं तो शपथेवर सांगतो. त्याला दवाखान्यात आणणाऱ्या आईवडिलांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: ‘आमच्या घराण्यात असं कुणालाच नाही हो, डॉक्टर.’ त्यामागचा प्रश्न असा, की हे वेड मुळात त्याच्यातच होतं की पुडीतून आलं? वैद्यकशास्त्रालाही या प्रश्नाचं नीट उत्तर मिळवायला जवळपास 35 वर्षं लागली.

मेफेड्रोनच्याच जातकुळीतलं ॲम्फेटामिन हे उत्तेजक द्रव्य 1887 मध्ये बर्लिनमध्ये पहिल्यांदा तयार झालं आणि पुढची कित्येक वर्षं तसंच पडून राहिलं. 1930 च्या दशकात अमेरिकेत ते ‘बेन्झेड्रिन’ या नावाने बाजारात आलं, तेही चोंदलेल्या नाकासाठी हुंगायची नळी म्हणून. मग गोळ्या आल्या. दिवसाढवळ्या अचानक झोप लागण्याच्या आजारावर, नार्कोलेप्सीवर, त्या चांगल्या लागू पडत. 1938 मध्ये यंग आणि स्कोव्हिल या डॉक्टरांनी अशाच काही रुग्णांबद्दल लिहिलं. उपचार चालू असताना त्यांना कुणीतरी आपल्या वाईटावर टपलंय असे भ्रम होऊ लागले होते. त्या काळी यावर एक सोयीचा खुलासा होता: माणसात वेडाचं बीज आधीच दडलेलं असणार, औषधाने फक्त त्याला पाणी घातलं. हा खुलासा खोडून काढता येत नाही, म्हणूनच तो सोयीचा. वेड लागलं की बीज होतं म्हणायचं, नाही लागलं की नव्हतं म्हणायचं.

दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये मेथॅम्फेटामिनचा, तिथल्या ‘हिरोपोन’चा, सुळसुळाट झाला. भ्रमिष्ट होऊन येणाऱ्यांची संख्या एवढी वाढली की 1951 मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला. तरी मूळ वादाला खरी कलाटणी मिळाली ती लंडनमध्ये. मनोविकारतज्ज्ञ फिलिप कॉनेल यांनी 1958 मध्ये 42 रुग्णांचा अभ्यास पुस्तकरूपाने मांडला. त्यातले बरेच जण नाकाची नळी फोडून आतली औषधात भिजवलेली पट्टी गिळणारे होते. एका नळीत सुमारे सव्वातीनशे मिलिग्रॅम ॲम्फेटामिन असे आणि औषधाची नेहमीची गोळी पाच-दहा मिलिग्रॅमची. म्हणजे एका घोटात तीसहून जास्त गोळ्या!

कॉनेल यांचं निरीक्षण असं होतं की हे रुग्ण तापात बरळणाऱ्या माणसासारखे नसतात. त्यांना आजची तारीख सांगता येते, आपण कुठे आहोत हे कळतं. फक्त पोलीस, टोळी किंवा शेजारी मागावर आहेत याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नसते, आणि आवाजही ऐकू येतात. वरवर पाहून स्किझोफ्रेनियापासून हे वेगळं काढणं जवळजवळ अशक्य. फरक दिसे तो काळाच्या ओघात. द्रव्य बंद झालं, लघवीतून निघून गेलं, की साधारण आठवड्याभरात भ्रम ओसरत. त्याहून जास्त टिकले तर दुसरं काही शोधायला हवं, असं ते सांगत. लघवीची तपासणी हाच त्यांचा आधार होता, कारण रुग्ण गोळ्यांबद्दल खरं सांगेलच असं नाही.

तरीही शंका घेणारे म्हणत, की नळ्या फोडून गिळणारी माणसं आधीच बिघडलेली नसतील कशावरून? याचं उत्तर देणारा प्रयोग अमेरिकेत नॅशव्हिलच्या व्हँडरबिल्ट विद्यापीठात जॉन ग्रिफिथ आणि सहकाऱ्यांनी 1960 च्या दशकाच्या अखेरीस सुरू केला. आज कुठलीही नैतिकता समिती त्याला परवानगी देणार नाही. स्वयंसेवक पूर्वी ॲम्फेटामिन घेतलेले, पण स्किझोफ्रेनियाची लक्षणं नसलेले. त्यांना रुग्णालयात ठेवून दर तासाला थोडं थोडं, साधारण 10 मिलिग्रॅम, डेक्स्ट्रोॲम्फेटामिन देत राहायचं आणि बघायचं.

आधी स्वारी खुशीत असे. मग भूक मेली, झोप गेली, चेहरा उतरला. त्यानंतर माणूस गप्प होई. विचारलं तर उत्तर टाळी, आणि डोळे मात्र खोलीभर फिरत. या गप्पपणाच्या मागे संशय शिजत होता हे नंतर कळे. एकाला वाटलं, छतात बसवलेलं एक प्रचंड यंत्र सगळ्यांचे विचार चालवतंय. दुसऱ्याची खात्री पटली की घटस्फोटित बायकोने आपल्यावर मारेकरी सोडलाय. तो स्वतः दार अडवून उभा राहिला आणि डॉक्टर खिडकी राखत नाहीत म्हणून वैतागला. ही अवस्था एक ते पाच दिवसांत आली. तोवर पोटात गेलेलं एकूण द्रव्य कुणाच्या बाबतीत 120 मिलिग्रॅम, तर कुणाच्या बाबतीत 700 पर्यंत होतं. औषध थांबवल्यावर भ्रम लवकरच विरले.

दोन गोष्टी यातून निघाल्या. काही जण पहिल्याच दिवशी बिघडले, म्हणजे सगळा दोष जागरणाचा नव्हता. जागरण आगीत तेल ओततं, एवढंच. आणि 120 ते 700 हा फरकही बोलका आहे. प्रत्येकाची सहन करायची मर्यादा वेगळी, पण पुरेसा वेळ आणि पुरेसे डोस मिळाले तर ती ओलांडली जाऊ शकते. ‘बीज’ हा शब्द इथे थोडा बाजूला पडला.

लागोपाठच्या डोसांनी संशयच का यावा? मेंदूत डोपामिन नावाचा रासायनिक निरोप्या असतो. ‘हे महत्त्वाचं आहे, इकडे बघ’ असा शिक्का तो अनुभवांवर मारतो. कोकेन त्याला परत आत घेणारी वाट अडवतं. ॲम्फेटामिन त्याच्याही पुढे जातं, पेशीत साठलेलं डोपामिन बाहेर ढकलतं. एका डोसाला हुशारी वाटते. पण पहिल्याचा अंमल उतरायच्या आत दुसरा, तिसरा, दहावा डोस पडला की शिक्का वाटेल त्या गोष्टीवर बसू लागतो: मोटारीचा हॉर्न, फोनची रिंग, शेजाऱ्याचं खोकणं. प्रत्येक गोष्ट आपल्याला उद्देशून आहे असं वाटलं की मन त्यांना जोडणारी गोष्ट रचतं. एवढ्या सगळ्यांचं लक्ष आपल्यावर का, याला थकलेल्या, धास्तावलेल्या शरीराचं उत्तर क्वचितच ‘प्रेमाने’ असं असतं. अमेरिकी संशोधक एव्हरेट एलिनवुड यांनी 1967 मध्ये नोंदवलं होतं की सुरुवातीचा संशय कित्येकांना चक्क सुखाचा वाटतो, गूढ उकलत असल्यासारखा.

मेफेड्रोनचा अंमल दोन-चार तासांत उतरतो. त्यामुळे पुन्हा पुन्हा घेण्याची ओढ त्यात अंगचीच आहे. भारतात त्यावर 2015 मध्ये बंदी आली आणि 2024 च्या फेब्रुवारीत कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीतून पुणे पोलिसांनी मोठा साठा पकडला.

मात्र ‘पुडी बंद, विषय बंद’ असंही नाही. जपानी डॉक्टरांना असे रुग्ण दिसले की जे बरे होऊन दीर्घकाळ कोरडे राहिले होते, आणि मग पूर्वीपेक्षा कमी मात्रेनेही पुन्हा भ्रमात गेले. मेंदू जणू ती वाट शिकून बसला होता. फिनलंडमधल्या एका मोठ्या नोंदणी-अभ्यासात ॲम्फेटामिनमुळे मनोविकृती झालेल्यांपैकी सुमारे 30 टक्के लोकांना पुढच्या आठ वर्षांत स्किझोफ्रेनियाच्या गटातलं निदान झालं. त्यातल्या कुणात आजार आधीपासून दबा धरून होता आणि कुणात द्रव्याने तो घडवला, हे एकट्या रुग्णाकडे बघून सांगता येत नाही. म्हणून आजही डॉक्टर घाईने शिक्का मारत नाहीत. द्रव्य थांबल्यावर महिनाभर थांबून बघतात, आणि त्या आईवडिलांना घराण्याबद्दल आणखी एकदा, जरा खोलात जाऊन विचारतात.