बेरीज की वजाबाकी? स्थानिक वेळेच्या उत्तरामागचे १८८४चे मतदान

रेखांशांवरून दोन ठिकाणांच्या स्थानिक वेळेतला फरक काढलेले उत्तर तपासायला घेतले की मी आधी एकच गोष्ट बघते: रेखांशांची बेरीज केली आहे की वजाबाकी. एका अंशाला चार मिनिटे हे बहुतेकांना पाठ असते आणि पुढचा गुणाकारही जमतो. (जुन्या पंचांगी हिशेबात एका अंशाला दहा पळे. पळ चोवीस सेकंदांचे, म्हणजे प्रमाण तेच.) उत्तर बिघडते ते त्याच्या आधीच्या पायरीवर. दोन्ही ठिकाणे मूळ रेखावृत्ताच्या एकाच बाजूला असतील तर वजाबाकी आणि दोन बाजूंना असतील तर बेरीज, हा नियम काही पृथ्वीच्या फिरण्यातून आलेला नाही. रेखांश कुठून आणि कोणत्या दिशेने मोजायचे याच्या निर्णयातून तो आला, आणि त्या निर्णयावर चांगलाच मतभेद झाला होता.

त्याआधीची कित्येक शतके हे गणित उलट दिशेने चाले. ग्रहणासारखी एकच घटना दोन ठिकाणी स्थानिक वेळेनुसार किती वाजता दिसली, हे पाहून रेखांशांतला फरक काढत. पुढे जहाजावर मूळ ठिकाणाची वेळ दाखवणारे घड्याळ ठेवून तेच केले गेले. शून्य रेषा मात्र ज्याची त्याची वेगळी होती. जुन्या नकाशावरचा रेखांश आजच्या हिशेबात तसाच उचलला तर उत्तर चुकते ते यामुळेच.

रेल्वे आली आणि अडचण रोजच्या व्यवहारात उतरली. इंग्लंडमधले ब्रिस्टल २°३५' पश्चिमेला आहे. कला म्हणजे अंशाचा साठावा भाग, तिचे चार सेकंद. दोन अंशांची ८ मिनिटे आणि ३५ कलांचे १४० सेकंद, म्हणजे ग्रिनिचपेक्षा तिथली स्थानिक वेळ १० मिनिटे २० सेकंद मागे. तिथल्या जुन्या बाजारइमारतीवरच्या घड्याळाला आजही दोन मिनिटकाटे आहेत. एक शहराची स्वतःची वेळ दाखवतो आणि दुसरा ग्रिनिचची. ‘स्थानिक वेळ’ म्हणजे नेमके काय, हे समजावून सांगायला मला याहून चांगले चित्र सापडलेले नाही. सूर्य डोक्यावर येतो त्यावर चालणारी ती स्थानिक वेळ, आणि सगळ्यांनी मिळून ठरवलेली ती प्रमाण वेळ. प्रश्नात स्थानिक वेळ विचारलेली असताना प्रमाण वेळांतला फरक लिहिला, तर उत्तर कितीही नीट मांडलेले असो, ते वेगळ्याच प्रश्नाचे उत्तर आहे.

आता वादाचा भाग. १८८३ मध्ये रोमला भूमापनाच्या तज्ज्ञांची बैठक झाली. ग्रिनिच हे मूळ रेखावृत्त धरावे आणि रेखांश पश्चिमेकडून पूर्वेकडे, एकाच दिशेने मोजत जावेत, अशी तिची शिफारस होती. म्हणजे शून्यापासून ३६० पर्यंत सलग. वर्षभराने, ऑक्टोबर १८८४ मध्ये, वॉशिंग्टनला २५ देशांचे प्रतिनिधी जमले. ग्रिनिचच्या बाजूने २२ मते पडली, विरोधात एक, आणि दोन देश तटस्थ राहिले. लोकांना आठवते ते हेच मतदान. दिशेचा ठराव मात्र इतक्या सहज गेला नाही. रेखांश दोन्ही बाजूंना १८० पर्यंत मोजावेत, पूर्वेला अधिक आणि पश्चिमेला उणे चिन्ह द्यावे, याच्या बाजूने १४ मते होती, विरोधात ५, आणि ६ देश तटस्थ. एकमताचा निर्णय नव्हताच तो. नकाशांवर दोन्ही बाजूंनी मोजण्याची सवय आधीच रुजलेली होती, तीच पुढे चालू राहिली. माझ्या मते रोमची शिफारस गणितासाठी जास्त स्वच्छ होती. ती टिकली असती तर बेरीज की वजाबाकी हा प्रश्नच उरला नसता.

कसे ते एका उत्तरात पाहू. कैरो ३१°१५' पूर्व, रिओ द जानेरो ४३°१२' पश्चिम. एका विद्यार्थ्याने मोठ्यातून लहान वजा केले: ११°५७'. चारने गुणून उत्तर आले ४७ मिनिटे ४८ सेकंद. गुणाकारात काहीच चूक नाही. तरी नकाशा डोळ्यांसमोर आणला की शंका यायला हवी, कारण मध्ये सहारा आणि अख्खा अटलांटिक आहे. बरोबर पायरी बेरजेची आहे: ७४°२७'. ७४ अंशांची २९६ मिनिटे, म्हणजे ४ तास ५६ मिनिटे, आणि २७ कलांचे १०८ सेकंद. एकूण ४ तास ५७ मिनिटे ४८ सेकंद, कैरो पुढे.

हे तपासायला मी रोमचीच पद्धत वापरते. रिओ सलग मोजणीत ३६०° वजा ४३°१२', म्हणजे ३१६°४८'. त्यातून कैरोचे ३१°१५' काढले की २८५°३३' उरतात. हे १८० पेक्षा जास्त, म्हणून ३६० मधून वजा केले की पुन्हा ७४°२७'. दोन वेगळ्या वाटांनी एकच आकडा आला की चिन्हाची चूक राहत नाही. याच उत्तरात दुसरी एक चूक लपून बसते. ७४°२७' हे कुणी ७४.२७ असे लिहून चारने गुणले, तर ४ तास ५७ मिनिटे ५ सेकंद येतात. फरक फक्त ४३ सेकंदांचा असल्याने तो नजरेतून निसटतो. अंशाचे साठ भाग होतात, शंभर नव्हेत. त्या भागांना ‘कला’ म्हणण्याची आपली जुनी सवय इथे उपयोगी पडते. ‘मिनिट’ म्हटले की कोनाचे आणि घड्याळाचे एकमेकांत मिसळते.

तटस्थ राहिलेल्या देशांत फ्रान्स होता. पॅरिसची रेषा त्याने लगेच सोडली नाही. १९११ मध्ये कायदा झाला तेव्हाही त्यात ग्रिनिचचे नाव आले नाही. पॅरिसची वेळ ९ मिनिटे २१ सेकंद मागे घेतलेली, ती देशाची वेळ, असे शब्द होते. पॅरिसच्या वेधशाळेचे रेखांश २°२०'१४" पूर्व. ८ मिनिटे, वर २० कलांचे ८० सेकंद, आणि १४ विकलांचा जेमतेम एक सेकंद. बेरीज ९ मिनिटे २१ सेकंद. कायद्यातला आकडा म्हणजे हेच शाळेतले गणित. आज पॅरिसची घड्याळे लंडनच्या एक तास पुढे असतात. स्थानिक वेळेचा प्रश्न आला तर मात्र उत्तर अजूनही सव्वानऊ मिनिटांच्या आसपासच येते.

सूर्य वर्षभर ठरलेल्या मिनिटाला डोक्यावर येत नाही, घड्याळाशी त्याचे सोळा मिनिटांपर्यंत अंतर पडते, मग हे सगळे खरे कसे, असे कुणी विचारले तर शंका रास्त आहे. पण एका क्षणी ते अंतर दोन्ही ठिकाणी सारखेच असते, म्हणून फरक काढताना ते आपोआप कटते.

बेरीज १८० च्या पुढे गेली की मात्र थांबून प्रश्न पुन्हा वाचावा लागतो. टोकियो १३९°४५' पूर्व आणि सॅन फ्रान्सिस्को १२२°२५' पश्चिम. बेरीज २६२°१०', म्हणजे १७ तास २८ मिनिटे ४० सेकंद. जवळच्या बाजूने मोजले तर ९७°५०', म्हणजे ६ तास ३१ मिनिटे २० सेकंद. दोन्ही मिळून बरोबर चोवीस तास होतात, तेव्हा आकडेमोड ठीक आहे. तारखेसकट फरक विचारला असेल तर टोकियो साडेसतरा तास पुढे. ६ तास ३१ मिनिटे लिहायची असतील, तर सॅन फ्रान्सिस्कोचे घड्याळ तेवढे पुढे पण तारीख एक दिवस मागे, हे शेजारीच लिहिलेले हवे. वॉशिंग्टनच्या परिषदेने वाररेषा आखली असे बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळते. तिने तसा कोणताही ठराव केला नव्हता.