17 नंबरच्या फॉर्मने दहावी: मराठी कुमारभारतीचे पत्र आणि निबंध जुन्या कृतिपत्रिकांवरून कसे बसवावेत

शाळेत न जाता दहावी द्यायची तर महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाचा 17 नंबरचा फॉर्म ऑनलाइन भरावा लागतो. किमान पाचवी उत्तीर्ण असणे ही त्याची अट. शाळा सोडल्याचा मूळ दाखला, आधारकार्ड आणि पासपोर्ट आकाराचा फोटो हाताशी ठेवा. दाखला हरवला असेल तर शाळेकडून द्वितीय प्रत घ्यावी लागते, आणि तिच्यासोबत प्रतिज्ञापत्र जोडावे लागते. फॉर्म भरताना निवडलेल्या संपर्क केंद्रावर छापील अर्ज आणि मूळ कागद जमा केले की नोंदणीचे काम झाले. खरी अडचण पुढे येते. वर्गात बसत नसल्यामुळे उपयोजित लेखन तपासून द्यायला कोणी नसते, आणि कुमारभारतीच्या 80 पैकी 24 गुण याच विभागात आहेत. त्यात पत्राला 6 आणि निबंधवजा लेखनाला 8.

जुन्या कृतिपत्रिका गोळा करताना आधी साल पाहा. सध्याच्या अभ्यासक्रमाची पहिली परीक्षा मार्च 2019 मध्ये झाली. त्याआधीच्या पत्रांचा आराखडा जुना आहे, तो पाठ केला तर नवे बिघडते. 2021 ची मुख्य परीक्षा रद्द झाली होती, म्हणून ‘मार्च 2021 बोर्ड पेपर’ असे छापलेले काही मिळाले तर तो सरावाचा पेपर समजावा. वर ‘कुमारभारती’ लिहिले आहे ना, हेही बघा. अक्षरभारती हा वेगळा विषय आहे.

चार-पाच कृतिपत्रिका शेजारी ठेवून फक्त पत्राचा प्रश्न वाचला की ठेवण लक्षात येते. एक छोटी जाहिरात किंवा निवेदन असते आणि त्याखाली दोन पर्याय: मागणी किंवा विनंती करा, नाहीतर अभिनंदन करा. दोन्हींसाठी मजकूर तोच, बदलते ते नाते. ‘विद्यार्थी प्रतिनिधी या नात्याने’ हे शब्द दिसले की पत्र औपचारिक. मित्राचे अभिनंदन करायचे असेल तर अनौपचारिक. तिथे ‘विषय’ लिहायचा नाही. तुम्ही कोणत्याच शाळेत नसलात तरी प्रश्नाने दिलेली भूमिका घ्यायची.

समजा, निवेदन असे आहे: ‘पुस्तक प्रदर्शन, 10 ते 14 जानेवारी, शाळांना 20 टक्के सवलत, संपर्क: व्यवस्थापक.’ पर्याय मागणीपत्राचा. सगळा मजकूर डाव्या समासालगत येतो:

दिनांक: 11 जानेवारी 2025

प्रति,
मा. व्यवस्थापक,
पुस्तक प्रदर्शन

विषय: शालेय वाचनालयासाठी पुस्तकांची मागणी

महोदय,

मी शाळेचा विद्यार्थी प्रतिनिधी या नात्याने हे पत्र लिहीत आहे. 10 ते 14 जानेवारीच्या आपल्या प्रदर्शनाचे निवेदन वाचले. आमच्या वाचनालयासाठी बालकथांची 25 आणि चरित्रांची 15 पुस्तके हवी आहेत.

निवेदनातील 20 टक्के सवलत वजा करून बिल पाठवावे. पुस्तके 14 जानेवारीपूर्वी शाळेच्या पत्त्यावर मिळाल्यास सोय होईल. रक्कम पुस्तके मिळताच देऊ.

आपला विश्वासू,
अ. ब. क.
(विद्यार्थी प्रतिनिधी)
पत्ता: ……
ई-मेल: abc@xxxx.com

उत्तरपत्रिकेत स्वतःचे खरे नाव लिहायचे नसते, म्हणून अ. ब. क. पत्ता आणि ई-मेल शेवटी येतात. जुन्या आराखड्यात पत्ता वर असायचा आणि घोळ इथेच होतो.

या पत्राचा जीव ‘25 आणि 15’ या आकड्यांत आहे. संख्या नसलेले मागणीपत्र म्हणजे नुसती चौकशी ठरते. निवेदन जसेच्या तसे उतरवणे ही दुसरी चूक. त्यातला तपशील मागणीच्या वाक्यात मिसळायला हवा, वर सवलत जशी बिलाशी जोडली आहे तसा. स्वतः तपासताना निवेदनातल्या प्रत्येक तपशिलाखाली पेन्सिलने रेघ ओढा आणि पत्रात तो कुठे आला ते शोधा. सापडला नाही तर पत्र अपुरे आहे.

निबंधाच्या प्रश्नात प्रसंगलेखन, आत्मकथन आणि वैचारिक असे तीन पर्याय असतात, एक सोडवायचा. एकट्याने तयारी करणाऱ्याने प्रसंगलेखन निवडावे, असे आमचे मत, कारण लिहायची सामग्री प्रश्नातच असते. निमंत्रणपत्रिका किंवा बातमी देऊन ‘तुम्ही तिथे उपस्थित होता असे समजून’ लिहायला सांगतात. वृक्षारोपणाची पत्रिका दिली की बरेच जण झाडांचे महत्त्व लिहीत सुटतात. तो झाला वैचारिक निबंध, प्रसंग नव्हे. ‘सकाळी आठ वाजता मैदानावर पोहोचलो तेव्हा खड्डे खणून तयार होते’ असे सुरू करा. पत्रिकेतली वेळ, स्थळ आणि पाहुणे त्याच क्रमाने पुढे येऊ द्या. लिहून झाल्यावर दिसलेले, ऐकलेले किंवा केलेले काहीच ज्यात नाही, अशी वाक्ये मोजा. ती दोन-तीनच्या वर गेली तर तो परिच्छेद पुन्हा लिहावा.